काष्ठमंडप पुन्हा उभारावा की नाही?

२५ एप्रिल २०१५. शनिवार होता. काठमांडूच्या जुन्या दरबार चौकालगत, मरू टोल नावाच्या वस्तीत, काष्ठमंडपाच्या तळमजल्यावर रक्तदान शिबिर चालू होते. दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तीन छपरांची ती लाकडी वास्तू जागच्या जागी बसली. आत असलेले काही जण तिथेच गेले. ज्या वास्तूवरून काठमांडू या शहराला नाव मिळाले असे मानतात, तिच्या जागी तुळया, विटा आणि कौले यांचा ढीग उरला.

पुढची सात वर्षे या ढिगाभोवती एक वाद चालला. पडलेली ऐतिहासिक वास्तू पुन्हा बांधावी का? बांधली तर तिला जुनी म्हणावे का? जगभरच्या वास्तुसंवर्धकांनी या प्रश्नांसाठी आंतरराष्ट्रीय सनदा लिहून ठेवल्या आहेत. त्या सनदा काठमांडूत कुठे उपयोगी पडल्या आणि कुठे अपुऱ्या ठरल्या, हे काष्ठमंडपाइतके स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

आधी ही वास्तू काय होती ते पाहू. काष्ठमंडप म्हणजे मंदिर नव्हे. तो होता सत्तल, म्हणजे प्रवासी, साधू आणि व्यापारी यांनी टेकावे, सभा भरवावी, व्रते करावीत असा चौफेर मोकळा मंडप. मधोमध चार प्रचंड लाकडी खांब, त्यांच्याभोवती दुय्यम खांबांच्या रांगा, चार कोपऱ्यांत चार गणपती आणि मध्यभागी गोरखनाथांची मूर्ती. मराठी वाचकाला हा तपशील परका वाटू नये. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ यांच्यामार्फतच येते. मध्ययुगापासून नाथपंथी योगी या मंडपात राहत. त्यांच्या वंशातील कुटुंबे तर विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत तिथे घर करून होती. सगळा मंडप एकाच झाडाच्या लाकडातून झाला, अशी लोककथा आहे.

या वास्तूचे वय बाराव्या शतकापर्यंत मागे नेता येते, असे अभ्यासक मानत आले होते, कारण तिचा उल्लेख ११४३ च्या एका हस्तलिखितात सापडला होता. भूकंपानंतर हे गणित बदलले. ते कसे बदलले, यावरच पुढचा सारा युक्तिवाद उभा आहे.

प्रथम पुनर्बांधणीच्या विरोधातली बाजू. ती पोकळ नाही. १९६४ मध्ये व्हेनिस येथे वास्तुतज्ज्ञांची परिषद भरली आणि तिथे संमत झालेली सनद आज या क्षेत्राची स्मृती मानली जाते. तिचा नववा परिच्छेद सांगतो, की जिथून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. बाराव्यानुसार नवा भाग मूळ भागाशी सुसंगत असावा, पण वेगळा ओळखूही यावा. नाहीतर जीर्णोद्धारच इतिहासाचा खोटा पुरावा तयार करतो. पंधरावा सर्वांत कडक आहे. तो पुनर्बांधणी तत्त्वतःच नाकारतो आणि फक्त ‘ॲनास्टायलोसिस’ला मुभा देतो, म्हणजे जागेवर विखुरलेले मूळ अवयव शोधून तेच पुन्हा जोडण्याला.

या कडकपणामागे अनुभव होता. एकोणिसाव्या शतकात युरोपातली अनेक चर्चे आणि किल्ले जीर्णोद्धाराच्या नावाखाली इतके ‘शुद्ध’ करण्यात आले, की मूळ काय आणि वास्तुविशारदाची कल्पना काय हे सांगणे अशक्य झाले. दगडावरच्या छिन्नीच्या खुणा, शतकांची झीज, मधल्या काळातल्या दुरुस्त्या, हे सगळे वाचता येण्याजोगे दस्तऐवज असतात. वास्तू पडली की त्यांतले बरेचसे जाते. हुबेहूब प्रतिकृती रूप परत देते, दस्तऐवज परत देत नाही. या दृष्टीने पाहिले, तर २०२२ चा काष्ठमंडप एकविसाव्या शतकातली वास्तू आहे आणि तिला प्राचीन म्हणणे दिशाभूल आहे.

गंमत अशी, की ज्या शहराच्या नावाने ही सनद ओळखली जाते, त्याच शहराच्या मुख्य चौकातला सेंट मार्कचा घंटामनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला होता. ‘होता तसा, होता तिथे’ या घोषणेखाली तो पुन्हा बांधला गेला. उद्घाटन झाले २५ एप्रिल १९१२ रोजी. सनद लिहायला जमलेली मंडळी त्या प्रतिकृतीच्या सावलीतूनच सभेला गेली असणार.

पण सनदेवर केवळ विनोद करून भागत नाही, ती नीट वाचावी लागते. काठमांडूच्या वादात पंधरावा परिच्छेद वारंवार पुढे केला गेला. तो सनदेत ‘उत्खनन’ या शीर्षकाखाली येतो. जमिनीखालून निघालेल्या, वापर कधीच संपलेल्या अवशेषांवर कल्पनेने भिंती चढवू नयेत, हा त्याचा रोख आहे. शुक्रवारपर्यंत लोक ज्याच्या पायरीवर भाजी घेऊन बसत होते आणि जो शनिवारी दुपारी पडला, अशा मंडपाचा विचार त्या परिच्छेदात नाही. शिवाय सनदेची प्रस्तावनाच म्हणते, की ही तत्त्वे प्रत्येक देशाने आपली संस्कृती आणि परंपरा यांच्या चौकटीत लागू करावीत. हे वाक्य सनदेचे समर्थक सहसा उद्धृत करीत नाहीत, आणि तिला ‘पाश्चात्य’ म्हणून झटकणारेही करीत नाहीत.

त्या चौकटीचा विस्तार तीस वर्षांनी झाला. १९९४ मध्ये जपानमधील नारा येथे तयार झालेल्या दस्तऐवजाने ‘अस्सलपणा’ केवळ मूळ द्रव्यात शोधण्याचे बंधन सैल केले. रूप, द्रव्य, वापर, परंपरा आणि तंत्र, स्थान, भाव, हे सगळेच अस्सलपणाचे आधार असू शकतात, असे त्यात म्हटले आहे. या संदर्भात दर वीस वर्षांनी नव्याने बांधल्या जाणाऱ्या इसे येथील देवस्थानाचे उदाहरण फार ऐकू येते, पण ते थोडे फसवे आहे. जपानची खरी अडचण दुसरीच होती. लाकडी मंदिरे अधूनमधून पूर्ण उतरवायची, कुजलेले तेवढेच भाग बदलायचे आणि बाकीचे जिथल्या तिथे परत जोडायचे, ही त्यांची दुरुस्तीची रीत दगडी इमारतींसाठी घडलेल्या विचारात बसत नव्हती. नेपाळच्या लाकडी वास्तूंची अडचण नेमकी हीच आहे.

काठमांडू खोऱ्यातले नेवार लोक या रीतीला जीर्णोद्धारच म्हणतात. शब्द आपलाच आहे आणि अर्थही. लाकूड कुजते, कौले सरकतात, भूकंप होतात, आणि शतकातून एकदोनदा वास्तू उतरवून पुन्हा चढवावी लागते. हे काम चालवायला ‘गुठी’ नावाच्या संस्था असत. कुणी जमीन दान द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून ठरलेल्या घराण्यांनी पूजा, उत्सव आणि दुरुस्ती करायची. १९६४ मध्येच, म्हणजे व्हेनिसची सनद झाली त्याच वर्षी, नेपाळने कायदा करून गुठ्यांचा कारभार एका सरकारी महामंडळाकडे नेला. अनेक गुठ्यांचे उत्पन्न आटले आणि दुरुस्तीची साखळी ढिली पडत गेली.

यावर विरोधकांचा प्रतिप्रश्न बिनतोड वाटावा असा आहे. परंपरा इतकी चांगली होती, तर वास्तू पडली का? ज्या बांधणीने माणसे मारली तीच पुन्हा का उभारायची? हा प्रश्न हळव्या मनाने टाळता येत नाही. भूकंपप्रवण शहरात सार्वजनिक इमारत बांधणाऱ्याला आत बसणाऱ्या माणसाला उत्तर द्यावे लागते. म्हणूनच पाया काँक्रीटचा करावा, सांगाड्यात पोलाद घालावे, बाहेरून जुने रूप द्यावे, असा मतप्रवाह अभियंत्यांत होता. व्हेनिस सनदेचा दहावा परिच्छेदही त्यांच्या मदतीला येतो. पारंपरिक तंत्र अपुरे ठरल्यास सिद्ध झालेले आधुनिक तंत्र वापरायला तो परवानगी देतो. अट एकच आहे, तंत्र ‘अपुरे ठरले’ पाहिजे. ते अपुरे ठरले होते का, हे तोवर कुणी तपासलेच नव्हते.

ती तपासणी जमिनीखाली झाली. नेपाळचे पुरातत्त्व खाते आणि युनेस्को यांच्यासह इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाच्या चमूने, रॉबिन कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली, २०१५ च्या अखेरीस आणि नंतर २०१६ मध्ये काष्ठमंडपाच्या जागी उत्खनन केले. पाया खिळखिळा झाला असेल, तो काढूनच टाकावा लागेल, असा सर्वसाधारण समज होता. निघाला तो मातीत बांधलेल्या विटांचा भक्कम, शाबूत पाया. चौरसाच्या आत आडव्या-उभ्या भिंती घालून नऊ खण पाडलेले, मंडलाच्या आकृतीसारखे. बांधकामात सोन्याच्या पातळ पत्र्यावर कोरलेली मंडलेही ठेवलेली सापडली. पायाच्या कालमापनातून निघाले सातवे शतक. शहराच्या नामकारणाचे वय एका झटक्यात काही शतकांनी मागे गेले. काँक्रीटच्या घाईत तो पाया खणून टाकला असता, तर हे कुणालाच कधी कळले नसते.

पण वादाच्या दृष्टीने महत्त्वाचा शोध वेगळाच होता. मधले चार मुख्य खांब चार मोठ्या दगडांवर उभे होते. मराठी वाड्यांच्या भाषेत ज्याला तळखडा म्हणतात, तोच हा दगड. खांबाच्या बुडाला कुसू ठेवलेले असते, म्हणजे लाकडातूनच कोरलेली खुंटी, आणि ती तळखड्याच्या खाचेत बसते. जमीन हलली की खांब थोडा डोलतो, पण कुसू त्याला जागेवरून घसरू देत नाही. पहिल्या हंगामात उत्खननकर्त्यांना तीनच तळखडे दिसले. ईशान्येकडचा चौथा नाहीसा झाला असावा असे वाटले. दुसऱ्या हंगामात तो सापडला, फरशीखाली. त्या खांबाचे कुसू कधीतरी कुजून गेले होते. १९६० च्या दशकात वास्तूची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा नवे कुसू करण्याऐवजी तळखडा फरशीने झाकला गेला आणि खांब तसाच वर टेकवला गेला. तीन छपरांचा भार पेलणाऱ्या चार पायांपैकी एक पाय जवळजवळ पन्नास वर्षे नुसता उभा होता.

हे कळल्यावर प्रश्नाचे स्वरूपच बदलते. पारंपरिक बांधणी अपुरी ठरली, असे म्हणायला आधार उरत नाही. ती जिथे तोडली गेली तिथे ती तुटली. पोलादाची बाजू मांडणाऱ्यांना अजूनही म्हणता येते, की कुसू शाबूत असते तरी वास्तू वाचलीच असती याची खात्री कोण देणार? ती खात्री खरोखर कुणी देऊ शकत नाही. परंतु १९३४ चा याहूनही मोठा भूकंप ही वास्तू सोसून उभी राहिली होती, आणि कुठल्याही अंदाजी आकडेमोडीपेक्षा हा पुरावा वजनदार आहे. लाकडी सांगाडा जिथे वाकतो तिथे काँक्रीट ताठ राहते. दोन्ही एकत्र जोडले, की भूकंपात ती वेगवेगळ्या तालावर हलतात आणि सांध्यावरच एकमेकांना फोडतात. असा नवाजुना जोड सुरक्षित असतोच, हे गृहीत धरता येत नाही.

आता अंदाजाचा मुद्दा. ऑस्ट्रेलियाची बरा सनद, जिचा पहिला मसुदा १९७९ चा आहे, पुनर्बांधणी सरसकट नाकारत नाही. नुकसान किंवा बदल यांमुळे वास्तू अपूर्ण झाली असेल आणि पूर्वीची अवस्था पुन्हा साकारण्याइतका पुरेसा पुरावा असेल, तर ती पुनर्बांधणीला जागा देते. जागतिक वारशाच्या कार्यान्वयनाचे नियमही तेच सांगतात. अपवादात्मक परिस्थितीत, संपूर्ण आणि तपशीलवार नोंदींच्या आधारे पुनर्बांधणी मान्य, अंदाजाच्या आधारे मुळीच नाही. काठमांडू खोरे १९७९ पासून त्या यादीत आहे, त्यामुळे हा नियम काष्ठमंडपाला थेट लागू होता.

काष्ठमंडपाकडे पुरावा होता. वोल्फगांग कोर्न या वास्तुविशारदाने १९७० च्या दशकात खोऱ्यातल्या वास्तूंची मोजमापे घेऊन नकाशे काढले होते आणि त्यांत ही वास्तूही होती. मेरी स्लसर आणि गौतमवज्र वज्राचार्य यांनी १९७४ मध्ये तिच्या इतिहासावर सविस्तर लिहिले होते. छायाचित्रे विपुल होती. खाली मूळ पाया होता, तळखडे जागेवर होते, म्हणजे खांबांची अंतरे दगडातच कोरलेली होती. शिवाय अशीच वास्तू आजही बांधू शकणारे सुतार, गवंडी आणि लाकूड कोरणारे कारागीर खोऱ्यात जिवंत होते. हा शेवटचा पुरावा कागदावर नसतो, म्हणून सनदांच्या चौकटीत तो पटकन दिसत नाही.

पुरावा अपुरा असला, किंवा दोन तोंडांनी बोलत असला, की काय होते ते शेजारीच दिसते. राणीपोखरी हे १६७० मध्ये प्रताप मल्ल राजाने बांधवलेले तळे. त्याच्या मध्यावरचे देऊळ भूकंपात निकामी झाले तेव्हा ते राणा काळातल्या पांढऱ्या घुमटाचे होते. मल्ल काळात मात्र तिथे शिखर होते. मग पुन्हा बांधायचे ते कोणते? महापालिकेने आधी काँक्रीट ओतायला सुरुवात केली, नागरिकांनी ते थांबवले, आणि अखेर २०२० मध्ये शिखराचे देऊळ उभे राहिले. ते डोळ्यांना सुरेख दिसते. तरी व्हेनिस सनदेच्या अकराव्या परिच्छेदापुढे त्याचे समर्थन अवघड आहे, कारण वास्तूत सर्व काळांनी घातलेली भर आदरणीय असते आणि शैलीची एकता हे जीर्णोद्धाराचे ध्येय नसते, असे तो परिच्छेद बजावतो. जिवंत आठवणीतले देऊळ बाजूला सारून आठवणीपलीकडचे देऊळ आणले गेले. राणा राजवटीबद्दलची नावड त्या निवडीत नव्हती, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

धरहरा मनोऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. भीमसेन थापांच्या काळातला हा मनोरा १९३४ मध्ये पडला, दोन वर्षांत पुन्हा बांधला गेला, २०१५ मध्ये पुन्हा पडला आणि आत चढलेली कितीतरी माणसे गेली. त्याच्या जागेवर नव्हे, तर बुंध्याच्या बाजूला, बावीस मजली काँक्रीटचा उंच मनोरा बांधून एप्रिल २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सनदांच्या भाषेत ही पुनर्बांधणी नव्हेच, ती जुन्या नावाची नवी इमारत. विशेष म्हणजे या नव्या मनोऱ्याने जुन्याचा तुटका बुंधा वाचवला. ज्याला अवशेष पाहायचा आहे त्याला तो तिथे दिसतो. तेवढ्यापुरता हा प्रकल्प हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा प्रामाणिक आहे, मात्र त्याला कुणी ‘जुना धरहरा परत आणला’ म्हणू नये.

काष्ठमंडपाचे काम सुरळीत पार पडले, असे समजण्याचे कारण नाही. शासकीय ठेक्यांची रीत कमीत कमी बोली लावणाऱ्याला काम देण्याची आहे, आणि लाकडाचा सांधा जाणणाऱ्या सुताराकडे ठेकेदाराचा परवाना नसतो. स्थानिक नागरिकांनी पुनर्बांधणी आपल्या हाती मिळावी म्हणून मोहीम काढली. २०१७ मध्ये शासकीय यंत्रणांशी करारही झाला. पुढे त्यावरूनही भांडणे झाली आणि शेवटी महापालिकेच्या छत्राखालच्या समितीने काम नेले. २०१८ मध्ये सुरुवात झाली. मधल्या चार खांबांजोगे साल वृक्षाचे सरळसोट लाकूड मिळवणे, हीच एक मोठी परीक्षा ठरली. मूळ पायावर, लाकूड, वीट आणि माती यांनी, २०२२ मध्ये मंडप पूर्ण झाला.

मग त्याला जुने म्हणावे का? पाया सातव्या शतकाचा, जागा तीच, रचना मोजमापांनी ताडलेली, तंत्र अखंड चालत आलेले, लाकूड बहुतांशी नवे. नारा दस्तऐवजाच्या तराजूत बहुतेक पारडी भरतात, द्रव्याचे तेवढे हलके राहते. बाराव्या परिच्छेदाची ‘वेगळे ओळखू यावे’ ही अट मात्र इथे पुरती पाळली गेलेली नाही. नव्या तुळईवर सालाची खूण कोरली, तर मंडपाच्या रूपाला धक्का लागत नाही आणि शंभर वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाची फसगत टळते. पारंपरिक सुतारही खांबांवर जुळणीच्या खुणा करतातच. ही अट परकी म्हणून टाळण्यात शहाणपणा नाही.

उरतो तो ईशान्येचा खांब. १९६० च्या दशकातल्या दुरुस्तीत त्याच्या बुडाशी नेमके काय केले, याची नोंद वेळेवर कुणाच्या हाती नव्हती, म्हणून ते समजायला वास्तू पडावी लागली आणि दोन हंगाम खणावे लागले. व्हेनिस सनदेचा अखेरचा, सोळावा परिच्छेद या बाबतीत साधा आहे. कामाच्या प्रत्येक टप्प्याची रेखाटने आणि छायाचित्रे यांसह अचूक नोंद ठेवावी, ती सार्वजनिक संस्थेच्या दप्तरी संशोधकांना पाहता येईल अशी असावी आणि शक्यतो प्रसिद्ध करावी. पुनर्बांधणीच्या बाजूने आणि विरोधात लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी या परिच्छेदाचे नाव घेतले. नव्या खांबाचे कुसू आता तळखड्याच्या खाचेत आहे, पण वरून ते दिसत नाही. ओल लागून ते पुन्हा कुजू लागले, तर ते कधी तपासायचे, कुणी तपासायचे आणि फरशी कुठे उचलायची, हे पूर्वी गुठीच्या माणसाला ठाऊक असे. आता ते त्या दप्तरात लिहिलेले असावे लागेल.